ताळमेळ जुळतो, तरी बँक शिल्लक खरी नसते: ३१ मार्चचा आकडा तपासायची पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या पतसंस्थांचे आणि व्यापारी पेढ्यांचे हिशेब बघताना एकच दुखणं पुन्हा पुन्हा समोर येतं. बँक ताळमेळ पत्रक फाइलला लावलेलं असतं, तळाशी फरक शून्य असतो, सही-शिक्काही असतो. पण ताळेबंदात जी बँक शिल्लक छापली जाते तेवढे पैसे प्रत्यक्षात नसतात. संचालक मंडळात बसणाऱ्यांसाठी, नव्यानं लागलेल्या अकाउंटंटसाठी आणि अंतर्गत तपासणी करणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर तपासणी सुरू करा.

- ३१ मार्चला खात्यात भरपूर शिल्लक दिसते, पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुदत ठेव परत मागणाऱ्याला ‘दोन दिवस थांबा’ सांगावं लागतं.
- ३१ मार्चचा म्हणून लिहिलेला भरणा बँकेत चार-पाच दिवसांनी जमा होतो.
- न वटलेल्या चेकच्या यादीत वर्षभरापूर्वीचे चेक आहेत. किंवा उलट, जुने चेक यादीतून अचानक गायब झालेत आणि कीर्दीत त्यांची उलट नोंद कुठेच नाही.
- ‘बँकेची चूक’, ‘फरक’, ‘नंतर बघणे’ अशा नावाची एकच रक्कम दर महिन्याच्या ताळमेळात जशीच्या तशी पुढे येते.
- चेक लिहिणारा, भरणा करणारा आणि ताळमेळ करणारा माणूस एकच आहे, आणि ताळमेळ ऑडिटच्या तोंडावर वर्षातून एकदाच होतो.

आधी दिशा समजून घ्या

ताळमेळाचं गणित एका ओळीचं आहे: बँकेची शिल्लक, अधिक भरलेले पण अजून जमा न झालेले पैसे, वजा दिलेले पण अजून न वटलेले चेक, म्हणजे कीर्दीची शिल्लक.

आता समजा बँकेत पैसे कमी आहेत आणि कीर्दीत जास्त दाखवायचे आहेत. तर फरक लपवायला जागा दोनच. जमा न झालेल्या भरण्यात खोटी रक्कम घालायची, किंवा न वटलेल्या चेकच्या यादीतून खरा चेक गाळायचा. ‘बँकेनं चुकून नावे टाकलं’ ही नोंदसुद्धा पहिल्याच प्रकारातली, कारण तीही बँकेच्या शिल्लकेत अधिक केली जाते. म्हणून अधिकच्या बाजूची प्रत्येक रक्कम खरी आहे का हे बघायचं, आणि वजा बाजूला काही राहून गेलंय का हे बघायचं. बरेच जण दोन्ही बाजूंना एकाच पद्धतीनं टिकमार्क करत जातात आणि गाळलेला चेक त्यांना कधीच सापडत नाही, कारण तो यादीत नसतोच.

पुढचं सगळं एका प्रकरणावर दाखवतो. दोन्ही राज्यांत सभासद असलेली एक बहुराज्य पतसंस्था. मुख्य खातं खानापूर तालुक्यात, दुसरं खातं गडहिंग्लजच्या एका बँकेत. ओळख पटू नये म्हणून आकडे बदललेत, प्रमाण तेच ठेवलंय. मुख्य खात्याचा ३१ मार्चचा ताळमेळ असा होता:

बँक स्टेटमेंटप्रमाणे शिल्लक: ११,४२,३००
अधिक, जमा न झालेला भरणा: ५,१०,०००
वजा, न वटलेले चेक: १,९२,८००
अधिक, बँकेची चूक: २७,०००
कीर्दीप्रमाणे शिल्लक: १४,८६,५००

बेरीज बरोबर आहे. प्रश्न बेरजेचा नव्हताच.

तपासणी १: स्टेटमेंट स्वतः मिळवा

याला अर्धा तास लागतो आणि खर्च काही नाही. ताळमेळाच्या पहिल्या ओळीतला आकडा बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघा, पण अकाउंटंटनं प्रिंट काढून दिलेल्या स्टेटमेंटशी नको. अध्यक्ष किंवा सचिवांच्या लॉगिनमधून नेट बँकिंगवर ते काढा, नाहीतर शाखेत जाऊन शिक्क्यासह घ्या. पीडीएफमधला आकडा बदलणं आज कुणालाही जमतं. बदललेलं स्टेटमेंट ओळखायची एक सोपी खूण म्हणजे चालती शिल्लक. मागच्या ओळीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, म्हणजे पुढच्या ओळीची शिल्लक यायलाच हवी. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांच्या ओळी कॅल्क्युलेटरवर करून बघा. एक आकडा बदलणाऱ्याला खालचे सगळे बदलावे लागतात, आणि तिथे तो बहुतेक वेळा चुकतो.

संस्थेच्या नावावर असलेली सगळी खाती मागा. वापरात नाही म्हणून कपाटात पासबुक पडलेलं खातंसुद्धा. पुढे पाचव्या तपासणीत याचं कारण कळेल.

टॅलीत ताळमेळ ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. `Bank Reconciliation` च्या पडद्यावर `Bank Date` हा रकाना हातानं भरता येतो. तिथे तारीख टाकली की तो व्यवहार `Amounts not reflected in Bank` मधून निघून जातो. बँकेत तो चेक खरंच वटला की नाही हे टॅलीला माहीत नसतं. म्हणजे ९ एप्रिलला वटलेल्या चेकसमोर ३० मार्च टाकला, की ३१ मार्चच्या यादीतून तो गेला. F12 मधून जुळवलेले व्यवहारही पडद्यावर आणा आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या तारखा स्टेटमेंटशी एकेक करून ताडा.

या प्रकरणात ११,४२,३०० हा आकडा खरा निघाला आणि टॅलीतल्या तारखाही ठीक होत्या.

तपासणी २: एप्रिलचं स्टेटमेंट समोर ठेवा

सगळ्यांत जास्त माल इथे सापडतो. ३१ मार्चच्या ताळमेळातली प्रत्येक खरी नोंद एप्रिलमध्ये कधीतरी बँकेत उतरणारच. म्हणून मार्चचा ताळमेळ मार्चच्या कागदांवर तपासू नका. एप्रिलच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांच्या स्टेटमेंटवर तपासा.

दोन फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीत ताळमेळाच्या यादीतून स्टेटमेंटकडे जायचं: हा भरणा जमा झाला का, कधी झाला, कशानं झाला. दुसऱ्या फेरीत उलटं, स्टेटमेंटकडून यादीकडे. एप्रिलमध्ये वटलेला प्रत्येक चेक बघायचा. त्याचा नंबर मार्चमध्ये दिलेल्या चेकच्या ओळीतला असेल तर तो न वटलेल्यांच्या यादीत असायलाच हवा. नसेल तर कुणीतरी तो गाळलाय. चेक बुकाचे अधपन्ने शेजारी असले की ही फेरी पटकन होते.

जुळवताना नावावर जाऊ नका, चेक नंबर आणि रकमेवर जा. आपल्याकडे रजिस्टरात नाव मराठीत असतं, खातं उघडताना कन्नड कागदावरून इंग्रजी स्पेलिंग गेलेलं असतं, आणि स्टेटमेंटवर तिसरंच काहीतरी छापून येतं. नावं बघत बसलात तर एकाच माणसाचे दोन होतात आणि दोघांचा एक.

किती दिवसांचा उशीर मान्य करायचा? सीमाभागात एक उत्तर हमखास ऐकू येतं: ‘कोल्हापूरकडचा चेक आहे, वेळ लागतो.’ चेक प्रत्यक्ष गाडीतून जायचा तेव्हा हे खरं होतं. चेक ट्रंकेशन पद्धतीत चेकची फक्त प्रतिमा जाते, आणि ४ ऑक्टोबर २०२५ पासून तर चेक एकगठ्ठा न जाता दिवसभर जसे येतील तसे क्लिअरिंगला जातात. छोट्या सहकारी बँका मोठ्या बँकेमार्फत क्लिअरिंग करतात, तिथे एखादा दिवस जास्त लागू शकतो. १ एप्रिलला वार्षिक खातेबंदीमुळे बँकांचं कामकाज ग्राहकांसाठी बंद असतं, तो दिवस सोडा. मध्ये रविवार आला तर तोही सोडा. त्यापलीकडचा उशीर कुणीतरी कागदानं समजावून द्यायला हवा.

प्रकरणात ५,१०,००० च्या भरण्याचे दोन भाग होते. १,६०,००० चे सभासदांचे चेक, जे २ एप्रिलला जमा झाले. भरणा स्लिपवर ३१ मार्चचा बँकेचा शिक्का होता. हे ठीक. उरलेले ३,५०,००० कीर्दीत ‘रोख भरणा’ म्हणून होते आणि बँकेत ६ एप्रिलला जमा झाले. रक्कम जुळली म्हणून इथे बरोबरची खूण करून पुढे जाणारे खूप असतात. थांबायचं इथेच. रोख रक्कम काउंटरवर दिली की त्याच दिवशी खात्यात दिसते. रोख भरणा ‘वाटेत’ असायचं कारणच नाही. स्टेटमेंटवर ६ एप्रिलच्या ओळीत `CASH` नव्हतं, `CLG` होतं. म्हणजे पैसे क्लिअरिंगमधून आले, चेकनं आले. ही लघुरूपं प्रत्येक बँकेची थोडी वेगळी असतात, शाखेत विचारून घ्या. या ओळीवर खूण ठेवली आणि पुढे गेलो.

न वटलेल्या १,९२,८०० पैकी १,२०,००० चे चेक १० एप्रिलपर्यंत वटले. दुसऱ्या फेरीत गाळलेला चेक सापडला नाही. उरले ७२,८००.

तपासणी ३: शिळे चेक

रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत त्यावरच्या तारखेपासून तीन महिने आहे, त्याआधी ती सहा महिने होती. म्हणून ३१ मार्चच्या यादीत ३१ डिसेंबरच्या आधीचा चेक दिसला की तो आता बँकेत वटूच शकत नाही. तरी तो ‘न वटलेला’ म्हणून वजा होत राहतो. परिणामी कीर्दीतली बँक शिल्लक खरी आहे त्याहून कमी दिसते आणि ज्याला पैसे द्यायचे त्याचं देणंही ताळेबंदात दिसत नाही.

इथं कुणी म्हणेल, शिल्लक कमीच दिसतेय ना, मग काळजी कसली? काळजी अशी. त्या चेकांचे पैसे बँकेत पडून आहेत आणि त्यांची विचारपूस करणारा कुणी नाही. लाभांशाचे चेक हा याचा नेहमीचा नमुना. सभासद गोव्याला किंवा पुण्याला कामाला गेलाय, दीडशे रुपयांच्या चेकसाठी तो परत येत नाही. अशा शंभरेक चेकांची मिळून मोठी रक्कम होते. आता ज्याच्या हातात चेक बुक आहे त्यानं तेवढ्याच रकमेचा एक चेक कीर्दीत न लिहिता काढला, तर बँक शिल्लक कमी होते. मग तो जुन्या चेकांसमोर `Bank Date` टाकून त्यांना यादीतून काढतो. फरक पुन्हा शून्य. पैसे गेले आणि ताळमेळ हूं की चूं करत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे. जुना चेक यादीतून गेला तर दोनपैकी एक पुरावा दाखवा: स्टेटमेंटवर तो वटल्याची ओळ, किंवा कीर्दीत उलट नोंद. गेल्या वर्षीची ३१ मार्चची यादी घ्या आणि त्यातल्या प्रत्येक चेकचं पुढे काय झालं ते लिहून काढा. यासाठी कुणाला काही विचारावं लागत नाही.

उलट नोंद करताना बँक खातं नावे आणि ‘मुदत संपलेल्या चेकचं देणं’ अशा वेगळ्या खात्याला जमा. उत्पन्नात घेऊ नका. चेक शिळा झाला म्हणून देणं मिटत नाही. सभासद उद्या आला तर नवा चेक द्यावा लागेल. न नेलेला लाभांश किती काळ ठेवायचा आणि नंतर कुठे वर्ग करायचा हे संस्थेच्या पोटनियमात आणि लागू कायद्यात बघा.

या प्रकरणात ७२,८०० पैकी २२,८०० लाभांशाचे होते, सगळे ऑक्टोबरचे. उरलेला ५०,००० चा एकच चेक, १८ ऑगस्टचा, शाखेच्या दुरुस्तीचं काम केलेल्या ठेकेदाराचा. एवढी मोठी रक्कम सात महिने कुणी सोडत नाही, म्हणून ठेकेदाराला फोन केला. चेकवरचं नाव खात्यातल्या स्पेलिंगशी जुळेना म्हणून बँकेनं तो परत केला होता, आणि डिसेंबरमध्ये त्याला दुसरा चेक मिळाला होता. तो वटलाही होता. कीर्दीत मात्र दोन्ही चेक खर्चात पडले होते. म्हणजे दुरुस्ती खर्च ५०,००० नं जास्त, नफा तेवढाच कमी. इथे पैसे कुणी खाल्ले नव्हते. पहिला चेक कागदी रूपात परत मागवून त्यावर ‘रद्द’ लिहून फाइलला लावला आणि नोंद उलटवली. नवा चेक देण्याआधी जुना हातात घ्यायचा, नाहीतर बँकेला स्टॉप पेमेंटचं पत्र द्यायचं, हे तेव्हाच व्हायला हवं होतं.

तपासणी ४: विचित्र नोंदी

ताळमेळात तीनच प्रकारच्या नोंदी स्वाभाविक असतात: वाटेतला भरणा, न वटलेले चेक, आणि बँकेनं लावलेलं व्याज किंवा शुल्क जे कीर्दीत लिहायचं राहिलंय. बाकी जे काही दिसेल त्याचा कागद मागा. ‘बँकेची चूक’ असेल तर बँकेला लिहिलेलं पत्र कुठे आहे आणि बँकेनं ती दुरुस्त केल्याची ओळ कुठे आहे? बँकेकडून चूक होते, पण लक्षात आणून दिली की ती थोड्या दिवसांत दुरुस्त होते. पाच महिने राहिलेली चूक बँकेची नसते.

२७,००० ची नोंद नोव्हेंबरपासून पुढे ओढली होती. स्टेटमेंटवरची ओळ शाखेत दाखवली तेव्हा दोन मिनिटांत उलगडा झाला. एका कर्जदाराचा हप्त्याचा चेक शिल्लक अपुरी म्हणून परत आला होता. बँकेनं आधी जमा केलेले पैसे परत नावे टाकले. संस्थेच्या कीर्दीत हप्ता आलेलाच राहिला.

इथलं नुकसान बँक शिल्लकेपुरतं नाही. कर्जदाराच्या खात्यावर २७,००० कमी येणं दिसत होतं आणि त्याची थकबाकी झाकली गेली होती. शिवाय चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस दिली तरच निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली फिर्याद करता येते. ती मुदत गेली, आणि मार्चपर्यंत चेकची मुदतही संपली. ताळमेळ दर महिन्याला कुणी वाचला असता तर डिसेंबरमध्येच हे हातात होतं.

तपासणी ५: एका खात्यातून दुसऱ्या खात्यात

याला वेळ लागतो. सगळ्या खात्यांची स्टेटमेंटं एकत्र घ्या आणि मार्चचे शेवटचे पाच व एप्रिलचे पहिले दहा दिवस एका कागदावर मांडा. संस्थेच्याच एका खात्यातून दुसऱ्यात गेलेल्या प्रत्येक रकमेसाठी चार तारखा लिहा: देणाऱ्या खात्याची कीर्दीतली आणि बँकेतली तारीख, घेणाऱ्या खात्याची कीर्दीतली आणि बँकेतली तारीख. कीर्दीतल्या दोन्ही तारखा आर्थिक वर्षाच्या एकाच बाजूला असायला हव्यात. घेणाऱ्याकडे ३१ मार्च आणि देणाऱ्याकडे एप्रिल असेल तर तेच पैसे ३१ मार्चला दोनदा मोजले गेलेत.

आता ३,५०,००० कडे परत येऊ. गडहिंग्लजच्या खात्याच्या स्टेटमेंटवर ६ एप्रिलला क्लिअरिंगनं ३,५०,००० गेलेले होते. त्या खात्याच्या कीर्दीत ५ एप्रिलला नोंद होती, पण ‘स्वतःसाठी रोख काढली’ अशी. चेकचा नंबर बघितला तर तो ३ एप्रिलला दिलेल्या चेकच्या पुढचा. म्हणजे तो मार्चमध्ये लिहिलेलाच नव्हता.

रोखपाल वयानं मोठे, त्यांना सगळे काका म्हणतात. मी एवढंच विचारलं, “काका, हे साडेतीन लाख सहा तारखेला का जमा झाले?”

“बँकेनं उशीर केला. गडहिंग्लजचा चेक होता तो.”

“कीर्दीत तर रोख भरणा लिहिलाय. स्लिप आहे का?”

ते काही बोलले नाहीत. मीही पुढे विचारलं नाही, कारण त्यापुढचं विचारणं माझं काम नव्हतं.

कागदांवरून दिसणारं चित्र असं. ३१ मार्चला हातातली रोख कीर्दीपेक्षा ३,५०,००० नं कमी होती. त्या दिवशी रोख मोजली जाणार होती. म्हणून रोख बँकेत भरली अशी नोंद केली: बँक नावे, रोख जमा. रोख मोजली, जुळली. तूट आता बँक ताळमेळात ‘जमा न झालेला भरणा’ होऊन बसली. एप्रिलमध्ये दुसऱ्या खात्याचा चेक मुख्य खात्यात भरला, त्यामुळे तो भरणा ‘आला’. आणि दुसऱ्या खात्यातली वजावट ‘रोख काढली’ म्हणून लिहिली, म्हणजे तूट पुन्हा रोख शिल्लकेत परतली, मोजणी होऊन गेल्यावर. प्रत्येक खातं सुटं बघितलं तर जुळतं. दोन्ही स्टेटमेंटं शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

मुख्य खात्याची दुरुस्त शिल्लक आता दोन्ही बाजूंनी काढता येते. बँकेकडून: ११,४२,३०० अधिक १,६०,००० वजा १,२०,०००, म्हणजे ११,८२,३००. कीर्दीकडून: १४,८६,५०० वजा ३,५०,००० वजा २७,००० अधिक ७२,८००, म्हणजे ११,८२,३००. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला, म्हणजे आता काही लपलेलं उरलं नाही, निदान या खात्यात. ३,५०,००० बँकेतून काढून रोख शिल्लकेत परत घातले की कीर्दीतली रोख मोजलेल्या रोखीपेक्षा तेवढ्यानं जास्त होते. तूट तिच्या खऱ्या जागी दिसते.

या तपासणीत न सापडणारं

जे पैसे कीर्दीत आलेच नाहीत ते ताळमेळात दिसत नाहीत. पिग्मी एजंटनं दुकानदाराकडून रोज दोनशे घेतले आणि संस्थेत शंभरच भरले, तर बँक ताळमेळ अगदी स्वच्छ राहील. त्यासाठी ठेवीदारांची पासबुकं किंवा पावत्या संस्थेच्या खात्याशी ताडाव्या लागतात. ते वेगळं काम आहे. ताळमेळ चांगला आहे म्हणून पिग्मीही चांगली, असं धरू नका.

कुठे थांबायचं

पहिल्या चार तपासण्या कुणीही संचालक किंवा अकाउंटंट करू शकतो. लिहायचं राहिलेलं शुल्क, दोनदा पडलेला खर्च, उलटवायचा शिळा चेक, परत आलेल्या चेकची नोंद, हे सगळं तुम्ही स्वतः दुरुस्त करा.

पण पुढच्यापैकी काही दिसलं की हात थांबवा: स्टेटमेंटची चालती शिल्लक जुळत नाही, मार्चअखेर पैसे दोनदा मोजलेले दिसतात, एप्रिलमध्ये वटलेला मार्चचा चेक यादीतून गाळलाय, किंवा कीर्दीत नसलेला चेक बँकेत वटलाय. अशा वेळी संबंधित माणसाची उलटतपासणी करू नका. टॅलीतली एकही नोंद बदलू नका, ‘दुरुस्त’ही करू नका, कारण जशीच्या तशी असलेली नोंद हाच पुरावा आहे. टॅलीच्या डेटाचा बॅकअप घेऊन तो संस्थेच्या बाहेर, अध्यक्षांकडे ठेवा. चेक बुकाचे अधपन्ने, भरणा स्लिपा आणि रोख मोजणीचा कागद कुलपात ठेवा. किल्ली ताळमेळ करणाऱ्याकडे नको. अध्यक्षांना लेखी कळवा, तेही त्या माणसामार्फत नाही.

मग चार्टर्ड अकाउंटंटला बोलवा. तुम्हाला न जमणाऱ्या दोन गोष्टी ते करू शकतात. एक म्हणजे बँकेकडून थेट शिल्लक-पुष्टी. ऑडिटिंगच्या मानक ५०५ प्रमाणे ऑडिटर हे पत्र स्वतःच्या देखरेखीखाली पाठवतो आणि बँकेचं उत्तर थेट त्याच्याकडे येतं, मध्ये संस्थेचा माणूस नसतो. पत्रात शिल्लकेबरोबर कर्ज, तारण आणि संस्थेच्या नावावरची इतर खातीही विचारली जातात, आणि कपाटात विसरलेलं खातं बहुधा इथे वर येतं. दुसरी म्हणजे बँकेकडून वटलेल्या चेकांच्या प्रतिमा मिळवून पैसे नेमके कुणाच्या खात्यात गेले हे बघणं.

पतसंस्था कर्नाटक सहकारी संस्था कायदा १९५९ खाली असो, सौहार्द कायदा १९९७ खाली असो किंवा बहुराज्य कायदा २००२ खाली, नेमलेल्या ऑडिटरला आणि लागू असलेल्या निबंधकाला कधी, काय कळवायचं हे मंडळानं वकील आणि सीए यांच्या सल्ल्यानं ठरवावं. पोलिसांत जायचं की नाही हा निर्णयही मंडळाचा, ठरावानं घेतलेला. वरच्या संस्थेत मी पाचव्या तपासणीचा एका पानाचा तक्ता, दोन्ही खात्यांची शिक्क्याची स्टेटमेंटं आणि अधपन्ने अध्यक्षांच्या हातात दिले, पोच घेतली आणि पुढचं काम सीएंकडे गेलं.